नेवाडाचा नकाशा आणि एका रेघेची वजाबाकी

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नेवाडा राज्याला पाच शेजारी आहेत: कॅलिफोर्निया, ओरेगन, आयडाहो, युटा आणि ॲरिझोना. हे पाचही नेवाडाभोवती फेर धरून उभे आहेत. कॅलिफोर्नियाची हद्द ओरेगनला लागते, ओरेगनची आयडाहोला, आयडाहोची युटाला, युटाची ॲरिझोनाला, आणि कोलोरॅडो नदीपाशी ॲरिझोना पुन्हा कॅलिफोर्नियाला येऊन मिळतं. नकाशाचा हा सहा राज्यांचा तुकडा रंगवायचा आहे. अट एवढीच की हद्दीला हद्द लागून असलेल्या दोन राज्यांना एकच रंग द्यायचा नाही. तीन रंग हाताशी असतील तर हे किती प्रकारे जमेल? आणि चार रंग असतील तर?

नकाशे किती रंगांत रंगवता येतात हा प्रश्न १८५२ पासूनचा. लंडनमधल्या फ्रान्सिस गथ्रीला इंग्लंडच्या काउंट्या रंगवताना वाटलं की कुठल्याही नकाशाला चार रंग पुरावेत. पुढची साठ वर्षं गणिती मंडळी ‘पुरतात की नाही’ एवढ्याच प्रश्नाशी झुंजत राहिली. १९१२ मध्ये जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ या तरुण अमेरिकन गणितज्ञाने प्रश्न जरा वाकडा करून विचारला. पुरतात की नाही हे सोडा, एकूण प्रकार किती हे मोजा. रंगांची संख्या x धरा आणि x मध्ये मांडलेलं असं सूत्र काढा, की त्यात ४ घातले की चार रंगांचे प्रकार मिळावेत आणि ५ घातले की पाचांचे. चारासाठी उत्तर शून्य आलं नाही की चार रंग पुरले. पुरतात का हा प्रश्न विचारायला अवघड आणि मोजणी सोपी, असं उलटं गणित त्याने मांडलं. मोजणी वाटते तितकी सोपी नाही हे लवकरच दिसलं, पण त्यातून एक देखणं साधन हाती आलं.

आधी नकाशातला फापटपसारा काढून टाकू. राज्याचं क्षेत्रफळ, हद्दीची लांबी, नद्या, डोंगर यांचा रंगांशी संबंध नाही. प्रत्येक राज्यासाठी एक ठिपका काढायचा आणि ज्यांच्या हद्दी लागतात त्या ठिपक्यांमध्ये एक रेघ ओढायची. अशा ठिपके-रेघांच्या आकृतीला ग्राफ म्हणतात. अट आता अशी झाली: रेघेच्या दोन टोकांना वेगळे रंग हवेत. रंगांची नावंही मोजणीत धरायची, म्हणजे लाल-निळा आणि निळा-लाल हे दोन वेगळे प्रकार.

काही आकृत्या तोंडी सुटतात. तीन ठिपके एका ओळीत, मध्ये दोन रेघा. पहिल्याला x पर्याय. दुसऱ्याला पहिल्याचा रंग चालत नाही, म्हणून x − 1. तिसऱ्याला दुसऱ्याचा चालत नाही, पुन्हा x − 1. एकूण x(x − 1)(x − 1). त्रिकोण असेल तर तिसऱ्या ठिपक्याला आधीचे दोन्ही रंग वर्ज्य, आणि ते दोन एकमेकांपासून नक्की वेगळे असतात, म्हणून x(x − 1)(x − 2). इथवर गुणाकार पुरतो.

चौकोनापाशी तो अडतो. चार ठिपके घ्या: अ, ब, क, ड. रेघा अ-ब, ब-क, क-ड आणि ड-अ. कर्ण नाहीत. अ ला x पर्याय, ब ला x − 1, क ला x − 1. आता ड कडे वळा. त्याला अ आणि क हे दोन शेजारी आहेत. त्या दोघांचे रंग वेगळे असतील तर ड ला x − 2 पर्याय उरतात, पण ते दोघे एकाच रंगाचे असतील तर x − 1 उरतात. आणि अ-क मध्ये रेघ नसल्यामुळे त्यांचे रंग जुळलेत की नाहीत हे आपल्याला सांगता येत नाही. कुणी घाईने x − 2 ने गुणलं तर दोन रंगांत हा चौकोन रंगवण्याचे प्रकार शून्य येतील. प्रत्यक्षात एकाआड एक लाल-निळा करत गेलं की तो दोन प्रकारे रंगतो. x − 1 ने गुणलं तर दोन रंगांचं उत्तर योगायोगाने बरोबर येतं, पण तीन रंगांना २४ येतात, आणि खरे प्रकार आहेत १८.

ही अडचण अशी सोडवता येते. चौकोनातली एक रेघ, समजा ड-अ, तात्पुरती पुसून टाका. उरली अ-ब-क-ड अशी सरळ साखळी. तिचे प्रकार आपल्याला येतात: x(x − 1)³. पण रेघ पुसल्यामुळे या मोजणीत काही नको असलेले प्रकारही शिरले आहेत. कोणते? नेमके ते, ज्यांत अ आणि ड यांना एकच रंग मिळाला आहे. बाकी सगळे प्रकार मूळ चौकोनालाही चालतात. म्हणजे नको असलेले प्रकार मोजून वजा केले की काम झालं. आता अ आणि ड एकाच रंगाचे असायलाच हवेत अशी अट असेल तर त्यांना दोन ठिपके म्हणून वेगळं ठेवण्यात अर्थ नाही. ते दोन्ही एकमेकांत मिसळून एकच ठिपका करा. चौकोनाचा झाला त्रिकोण, आणि त्रिकोणाचे प्रकार आपल्याला पाठ आहेत. म्हणून

x(x − 1)³ − x(x − 1)(x − 2) = x⁴ − 4x³ + 6x² − 3x

x च्या जागी ३ ठेवा: ८१ − १०८ + ५४ − ९ = १८. हाताने पडताळा हवा असेल तर अ आणि क एकाच रंगाचे असलेले प्रकार ३ × २ × २ = १२, वेगळ्या रंगांचे ३ × २ × १ × १ = ६, बेरीज १८.

या युक्तीला इंग्रजी नावावरून डिलीशन-कॉन्ट्रॅक्शन म्हणतात. आपण पुसणं आणि मिटवणं म्हणू. कुठल्याही ग्राफमधली कुठलीही एक रेघ निवडा. ती पुसलेल्या आकृतीचे प्रकार, वजा ती मिटवून दोन्ही टोकं एक केलेल्या आकृतीचे प्रकार, बरोबर मूळ आकृतीचे प्रकार. बर्कहॉफने विषय नकाशांसाठी सुरू केला होता. तो नकाशापासून सोडवून सरसकट ग्राफवर नेण्याचं काम हॅस्लर व्हिटनीने १९३२ च्या सुमारास केलं, आणि ते आवश्यकच होतं. नकाशातून न निघणाऱ्या, रेघा एकमेकींना छेदल्याशिवाय कागदावर मांडताच येत नाहीत अशा ग्राफनाही हा नियम तसाच लागू पडतो.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पुसा किंवा मिटवा, दोन्हींत निदान एक रेघ कमी होते. म्हणजे हे काम कधी ना कधी संपणारच, आणि संपेल तेव्हा हाती फक्त सुटे ठिपके उरतील, एकही रेघ नसलेले. तीन सुटे ठिपके x³ प्रकारे रंगतात, चार सुटे x⁴ प्रकारे. म्हणजे मूळ उत्तर हे x च्या घातांची बेरीज-वजाबाकीच असणार. रंगांच्या प्रकारांची संख्या बहुपदीने मिळते हे काही गृहीत धरलेलं नव्हतं. ते या पुसण्या-मिटवण्यातून आपोआप सिद्ध होतं. या बहुपदीला क्रोमॅटिक पॉलिनॉमियल म्हणतात.

आता नेवाडाकडे जाऊ. आधी नेवाडा बाजूला ठेवून त्याच्या पाच शेजाऱ्यांचा पंचकोन घेऊ. त्यातली ॲरिझोना-कॅलिफोर्निया ही रेघ पुसली की पाच ठिपक्यांची साखळी उरते, x(x − 1)⁴. मिटवली की दोन राज्यं एक होऊन चौकोन उरतो, आणि चौकोनाचं उत्तर वर काढलेलंच आहे. वजाबाकी केली की

x⁵ − 5x⁴ + 10x³ − 10x² + 4x

दोन रंगांना हे ३२ − ८० + ८० − ४० + ८, म्हणजे शून्य. बरोबरच आहे, एकाआड एक रंग देत पाच घरं फिरलं की शेवटचं घर पहिल्याशी भांडतं. तीन रंगांना २४३ − ४०५ + २७० − ९० + १२ = ३०.

नेवाडाच्या पाच रेघांना हात लावायची गरज नाही. मधल्या ठिपक्याला आधी रंग द्या: x पर्याय. तो रंग पाचही शेजाऱ्यांना बंद झाला, म्हणजे पंचकोनाला आता x − 1 रंग उरले. पंचकोनाच्या बहुपदीत x च्या जागी x − 1 घाला आणि सगळ्याला x ने गुणा. तीन रंगांना उत्तर ३ × ० = ०. चार रंगांना ४ × ३० = १२०. तीन रंगांत हा तुकडा एकाही प्रकारे रंगत नाही आणि चारांत १२० प्रकारे रंगतो.

हे १२० वेगळ्या वाटेनेही तपासता येतात. तीन रंग पुरत नाहीत, म्हणजे चार रंगांच्या प्रत्येक प्रकारात चारही रंग वापरलेले असणार. रंगांची आपसात अदलाबदल २४ प्रकारे होते. १२० ला २४ ने भागलं की ५. म्हणजे रंगांची नावं विसरलो तर राज्यांची विभागणी फक्त पाच तऱ्हांनी होते. त्या पाच तऱ्हा दाखवताही येतात. नेवाडाचा रंग वेगळा. उरलेल्या पाच राज्यांत तीन रंग वाटायचे आहेत, आणि पंचकोनात एक रंग दोनपेक्षा जास्त राज्यांना देता येत नाही. म्हणून दोन रंग दोनदोनदा येतात आणि एक राज्य आपल्या रंगाचं एकटंच उरतं. ते एकटं राज्य ॲरिझोना असेल तर कॅलिफोर्निया आणि आयडाहो एका रंगाचे, ओरेगन आणि युटा दुसऱ्या रंगाचे. एकटं कोण राहणार याच्या निवडी पाच. हिशेब जुळला.

ही पद्धत हातून चुकते ती बहुतेक वेळा मिटवताना. चौकोनात अ-क हा एक कर्ण काढा आणि तोच मिटवा. अ आणि क एक झाले. आता ब कडून या नव्या ठिपक्याकडे दोन रेघा आल्या, एक पूर्वीची अ कडे जाणारी, एक क कडे जाणारी. ड चंही तसंच. या जोडरेघांचं काय करायचं? दोन्ही रेघा एकच गोष्ट सांगतात: टोकांचे रंग वेगळे हवेत. ती एकदा सांगितली काय आणि दोनदा सांगितली काय, म्हणून एक ठेवून दुसरी टाकून द्यायची. उरली तीन ठिपक्यांची साखळी, x³ − 2x² + x. कर्ण पुसला तर साधा चौकोन. वजाबाकी केली की

x⁴ − 5x³ + 8x² − 4x

जोडरेघेतली एक टाकून दिली तर काही गमावतो का, अशी शंका येऊ शकते. मग ती टाकू नका, तिच्यावरही नियम चालवून पाहा. जोडीतली एक पुसली की दुसरी जागेवर असतेच. एक मिटवली की दुसरी स्वतःच्याच ठिपक्यावर वळून येते, आणि ‘या ठिपक्याचा रंग स्वतःहून वेगळा हवा’ अशी अशक्य मागणी करते. अशा आकृतीचे प्रकार शून्य. म्हणजे वजा होतं ते शून्य, आणि नियम स्वतःच सांगतो की दुसरी रेघ फुकटची होती.

चूक झाली हे कळण्यासाठी उत्तराकडे नुसतं पाहणं बरंच उपयोगी पडतं. पहिल्या पदाचा घात ठिपक्यांइतका असतो. दुसऱ्या पदाचा सहगुणक, वजा चिन्ह सोडून, रेघांइतका: चौकोनाला ४, कर्ण असलेल्या चौकोनाला ५, पंचकोनाला ५. चिन्हं आलटून पालटून अधिक-वजा येतात. आणि आकृतीत एक जरी रेघ असेल तरी सगळ्या सहगुणकांची बेरीज शून्य यायला हवी, कारण एका रंगात ती रंगवता येत नाही. कर्णाच्या उदाहरणात कुणी वजा करण्याऐवजी बेरीज केली तर दुसरं पद −3x³ येईल, आणि रेघा तर पाच आहेत. चूक तिथेच पकडली जाते. नेवाडाच्या संपूर्ण आकृतीची बहुपदी पसरून लिहिली तर x⁶ − 10x⁵ + 40x⁴ − 80x³ + 79x² − 30x अशी येते. पाच हद्दी नेवाडाच्या, पाच शेजाऱ्यांच्या आपसातल्या, मिळून दहा. तिथला ७९ हा आकडा पाहून मात्र मला नेहमी वाटतं की इथे काहीतरी चुकलं असावं, आणि प्रत्येक वेळी तो बरोबरच निघतो.

या सहगुणकांत आणखी एक नियम दिसतो: चिन्हं विसरली तर ते आधी चढतात आणि एकदा उतरू लागले की पुन्हा चढत नाहीत. १, १०, ४०, ८०, ७९, ३०. हे नेहमीच असं असतं का, असं रोनाल्ड रीड यांनी १९६८ मध्ये मांडलं. पुसणं-मिटवणं इथे कामाला येत नाही, कारण चढ-उतार असलेल्या दोन याद्यांची वजाबाकी पुन्हा तशीच यावी याची हमी नसते. उत्तर जून हू यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दिलं, तेही बीजभूमितीच्या पूर्ण वेगळ्या वाटेने. २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं त्यामागे या कामाचाही वाटा आहे.

पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दर पावलाला एका आकृतीच्या दोन होतात. तीस रेघांची आकृती डोळे मिटून फोडत गेलं तर शेवटी तुकड्यांची संख्या शंभर कोटींच्या वर जाऊ शकते. म्हणून जाणकार माणूस सुट्या ठिपक्यांपर्यंत जातच नाही; साखळी, झाड, त्रिकोण, सगळ्यांना जोडलेला ठिपका असं काही ओळखीचं दिसलं की तिथेच थांबून सूत्र वापरतो. रेघा फार दाट असतील तर नियम उलटा चालवायचा: नसलेली रेघ जोडायची, आणि त्या दोन टोकांना मिसळलेल्या आकृतीचे प्रकार त्यात मिळवायचे. तेव्हा शेवट सुट्या ठिपक्यांत होत नाही, तर सर्वांना सर्व जोडलेल्या आकृत्यांमध्ये होतो, आणि त्या गुणाकाराने सुटतात. तरीही मोठ्या, अस्ताव्यस्त ग्राफसाठी सर्वत्र चालणारी झटपट पद्धत कुणाला सापडलेली नाही. बर्कहॉफची मूळ आशाही फळली नाही. चार रंग पुरतात हे १९७६ मध्ये केनेथ ॲपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं, बहुपदीच्या वाटेने नाही.

पण बहुपदी एकदा हातात आली की तिच्यात कुठलीही संख्या घालता येते, रंगांची संख्या म्हणून जिला काहीच अर्थ नाही अशीसुद्धा. चौकोनाच्या सूत्रात x = −1 घाला: १ + ४ + ६ + ३ = १४. उणे एक रंगाने चौकोन चौदा प्रकारे रंगतो म्हणजे काय? रिचर्ड स्टॅनली यांनी १९७३ मध्ये याचं उत्तर दिलं. चौकोनाच्या चार रेघांवर बाण काढा. प्रत्येकीला दोन दिशा, म्हणून १६ मांडण्या. त्यांतल्या दोन मांडण्यांत बाण एकामागून एक गोल फिरतात, एकीत डावीकडून, एकीत उजवीकडून. त्या वगळल्या की उरतात चौदा. कुठल्याही ग्राफमध्ये x = −1 घातलं आणि चिन्ह सोडून दिलं की बाणांचं चक्र न होणाऱ्या मांडण्यांची संख्या मिळते.

यामागेही तीच एक रेघ आहे. ड-अ रेघ पुसा; उरलेल्या साखळीवर बाण २ × २ × २ = ८ प्रकारे बसतात आणि चक्र कधीच होत नाही. आता ड-अ वर बाण परत बसवा. निदान एका दिशेने तो नक्की बसतो, कारण दोन्ही दिशांनी चक्र व्हायला बाणांच्या मागून अ पासून ड पर्यंतही जाता यायला हवं आणि ड पासून अ पर्यंतही, आणि तसं असेल तर चक्र आधीच झालेलं असेल. काही मांडण्यांत तो दोन्ही दिशांनी बसतो. अ आणि ड यांना मिसळून एक ठिपका केला तरी चक्र होत नाही, अशाच त्या मांडण्या. म्हणजे त्या मांडण्या त्रिकोणाच्या, आणि त्रिकोणावर चक्र न होता बाण ८ − २ = ६ प्रकारे बसतात. पुसलेल्या आकृतीचे ८, मिटवलेल्या आकृतीचे ६. रंगांच्या हिशेबात या दोघांची वजाबाकी होती, बाणांच्या हिशेबात बेरीज आहे: ८ + ६ = १४.